नाव न घेतलेला पक्षी

कीट्सच्या ‘ओड टू अ नाइटिंगेल’चं मराठी करायला घेतलं तेव्हा माझी पहिली अडचण शीर्षकातच होती. नाइटिंगेलला मराठीत काय म्हणायचं? हाताशी ‘बुलबुल’ होता. फारसी-उर्दू कवितेतला बुलबुल म्हणजे नाइटिंगेलच, त्यामुळे जुने भाषांतरकार तोच शब्द वापरत आले. पण मराठी वाचकाचा बुलबुल म्हणजे दिवसाढवळ्या अंगणातल्या तारेवर बसणारा, डोक्यावर तुरा आणि शेपटीखाली लाल ठिपका असलेला, चारचौघांत वावरणारा पक्षी. नाइटिंगेल मातकट रंगाचा, दाट झुडपात लपणारा आणि रात्रीही गाणारा. तो आपल्या रानात गात नाही. मी बुलबुल लिहिला असता तर वाचकाला तो लगेच दिसला असता, आणि या कवितेतला पक्षी तर कुणालाही दिसत नाही.

या अडचणीतून सुटका झाली ती एका साध्या शोधामुळे. ऐंशी ओळींच्या या कवितेत ‘नाइटिंगेल’ हा शब्द एकदाही येत नाही. तो फक्त शीर्षकात आहे. आत पक्ष्याचा रंग नाही, पिसं नाहीत, चोच नाही, बसण्याची ढब नाही. आहे तो फक्त ‘तू’, आणि त्या ‘तू’चं गाणं. मी शीर्षकात ‘नाइटिंगेल’ तसाच ठेवला आणि पुढे कामाला लागले. मग मात्र लक्ष त्या ‘तू’कडेच जात राहिलं. तो कुठे येतो, कुठे नाहीसा होतो, आणि नाहीसा होतो तेव्हा त्याच्या जागी कोण येऊन बसतं.

ओडला मराठी समीक्षेत ‘उद्देशिका’ म्हणतात. आता हा शब्द ऐकला की आधी संविधान आठवतं, पण शब्द चांगला आहे, कारण या काव्यप्रकाराचं मर्म स्तुतीत नसून उद्देशून बोलण्यात आहे हे तो सांगतो. आपल्याकडे पक्ष्याला उद्देशून बोलण्याची जुनी रीत आहे ती अन्योक्तीची. जगन्नाथ पंडिताच्या ‘भामिनीविलासा’त हंसाला, कोकिळाला उद्देशून श्लोक आहेत, पण बोलणं असतं ते दुसऱ्याच कुणाला तरी, एखाद्या धन्याला, विद्वानाला, मूर्खाला. लेकी बोले सुने लागे, असा तो प्रकार. त्यामुळे आपला वाचक अशी कविता हाती आली की लगेच विचारतो, हा पक्षी म्हणजे कोण? आणि कीट्सच्या बाबतीत उत्तर ठरलेलं असतं: पक्षी म्हणजे काव्य, पक्षी म्हणजे सौंदर्य. मीही एम.ए.च्या परीक्षेत तसंच लिहिलं होतं. गुण चांगले मिळाले. आता वाटतं, तिथेच कविता हातची निसटली होती. अन्योक्तीत पक्ष्याचा अर्थ पहिल्यापासून ठरलेला असतो. इथे पक्षी तोच राहतो आणि ऐकणारा बदलत जातो.

सहसा सांगितलं जातं की कवी आधी पक्ष्याची स्तुती करतो आणि शेवटी स्वतःकडे वळतो. कविता उघडून पाहा. पहिल्या दहा ओळींतल्या चार ओळी पूर्णपणे स्वतःबद्दल आहेत. काळीज दुखतंय, संवेदना बधिर झाल्यात, विष किंवा अफू घेतल्यासारखी गुंगी आली आहे. पक्षी येतो तो पाचव्या ओळीत, आणि तोही एका खुलाशासाठी. तुझ्या सुखाचा हेवा वाटतो म्हणून हे दुखणं नाही, तुझ्या सुखात मी फार सुखी झालो म्हणून आहे, असं कवी म्हणतो. म्हणजे ‘मी’ पहिल्यापासूनच हजर आहे. वळण आहे ते दुसरीकडे, आणि ते सापडायला गाण्याला दिलेली नावं ओळीने पाहावी लागतात. पहिल्या कडव्यात ते उन्हाळ्याचं गाणं आहे, गळा मोकळा सोडून सहज गायलेलं. सहाव्यात त्याच गाण्याला कवी मृतांसाठी गायची प्रार्थना म्हणतो. आठव्यात ते व्याकुळ, रडवं स्तोत्र झालेलं आहे. या सगळ्या वेळात पक्ष्याने सूर बदलला असं कवितेत कुठेही म्हटलेलं नाही.

बालकवींचा ‘पारवा’ यापुढे ठेवून पाहण्यासारखा आहे. तिथे कविता पडक्या धर्मशाळेपासूनच सुरू होते, आणि पारव्याचं घुमणं ऐकू येण्याआधीच उदासी पसरलेली असते. पक्ष्याचं दुःख आणि कवीचं दुःख पहिल्यापासून एका रंगाचं आहे, म्हणून त्या कवितेला कुठे वळावं लागत नाही. कीट्सने अवघड वाट घेतली. त्याने पक्ष्याला निखळ सुख दिलं आणि मग त्या सुखाशेजारी स्वतःला किती वेळ बसता येतं ते पाहिलं.

कवितेचा जन्म कसा झाला ते कीट्सचा मित्र चार्ल्स ब्राउन याने सांगून ठेवलं आहे. 1819चा वसंत. लंडनलगतच्या हॅम्पस्टेडमध्ये दोघे राहत होते त्या घराजवळ नाइटिंगेलने घरटं केलं होतं. एका सकाळी न्याहारीच्या टेबलाजवळची खुर्ची उचलून कीट्स बाहेर हिरवळीवर प्लमच्या झाडाखाली जाऊन बसला, दोन-तीन तासांनी आत आला तेव्हा हातात कागदाचे कपटे होते आणि ते तो पुस्तकांच्या मागे खुपसत होता. ब्राउनने हे सुमारे वीस वर्षांनी लिहिलं. कपटे चार की पाच होते असं तो म्हणतो, पण केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात असलेलं हस्तलिखित दोनच कागदांवर आहे, तेव्हा त्याच्या आठवणीवर फार भार टाकू नये. तरी एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे न्याहारीनंतरची वेळ. नाइटिंगेल दिवसाही गातो, त्यामुळे त्यात अशक्य काही नाही. पण कविता रात्री घडते. आणि ती रात्र पहिल्या कडव्यात नाही. तिथे हिरवळ आहे, सावल्या आहेत. रात्र येते चौथ्या कडव्यात, कवी पक्ष्यापाशी पोहोचल्याचं जाहीर करतो त्याच ओळीत. अंधार पक्ष्याच्या बाजूचा नव्हे, तो कवीने आपल्याबरोबर नेला आहे.

पण त्याआधी तिसरं कडवं आहे, आणि माझ्या मते सगळ्या कवितेचा भार त्याच्यावर आहे. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी कवीने म्हटलेलं असतं की दारूचा घोट मिळाला तर तुझ्याबरोबर या जगातून विरून जाईन. तिसऱ्यात तो सांगतो की काय विसरायचं आहे. पानांआड राहणाऱ्या तुला जे कधीच ठाऊक झालं नाही ते विसरायचं आहे, असं म्हणून तो यादी सुरू करतो. थकवा, ताप, तगमग. एकमेकांचं कण्हणं ऐकत बसलेली माणसं. कंप सुटलेली म्हातारी डोकी. फिकट होत, हाडांचा सापळा होत मरणारं तारुण्य. व्याकरणाच्या दृष्टीने ही अजूनही पक्ष्याची स्तुतीच आहे, कारण मुख्य विधान एवढंच की तुला हे ठाऊक नाही. पण नकाराच्या पोटात आठ ओळी माणसाच्या आहेत. तू हे जाणत नाहीस असं म्हणताना कवी जे जे जाणतो ते सगळं सांगून टाकतो. पक्ष्याच्या सुखाचं वर्णन करायला त्याच्याकडे दुसरे शब्दच नाहीत, जवळ आहेत ते सगळे दुःखाचे.

कीट्सचा धाकटा भाऊ टॉम 1 डिसेंबर 1818 रोजी क्षयाने गेला. एकोणीस वर्षांचा होता, आणि कीट्सच त्याची शुश्रूषा करत होता. कीट्स स्वतः लंडनच्या गाइज रुग्णालयात वैद्यकी शिकलेला, म्हणजे आपण काय पाहतो आहोत हे त्याला नीट कळत होतं. हे माहीत झालं की त्या कडव्यातला सापळा होत जाणारा तरुण कोण, हे विचारावं लागत नाही. पण टॉमचं नाव कवितेत नाही, आणि भाषांतरात एका ‘भावा’ची नुसती चाहूल लागली तरी कडवं बिघडतं. माझ्या एका खर्ड्यात ‘तारुण्य’ऐवजी ‘कोवळा पोर’ आला होता. तो शब्द मराठीत फार लवकर डोळ्यांत पाणी आणतो. मी काढून टाकला. त्या कडव्यातला दाब या गोष्टीतूनच येतो की कवी अजून आपण पक्ष्याबद्दल बोलतो आहोत असं धरून चालला आहे.

पाचव्या कडव्यात ‘तू’ नाहीच. पहिल्या चारही कडव्यांत तो आहे, आणि इथे दहा ओळींत एकदाही नाही. कवी पक्ष्यापाशी जाऊन पोहोचला आणि पोहोचताक्षणीच बोलणं थांबलं. पायाशी कोणती फुलं आहेत ते त्याला दिसत नाही, म्हणून वासावरून तो ओळखत राहतो: गवत, झुडपं, रानगुलाब, पानांखाली झाकलेले व्हायोलेट, आणि उन्हाळी संध्याकाळी माश्यांची गुणगुण होईल ती जागा. हा मे महिना आहे, आणि सगळा अंधारात चाचपून लिहिलेला. माझ्या भाषांतरातला हा भाग सगळ्यात सोपा गेला. नंतर वाटलं, सोपा गेला हे चांगलं लक्षण नव्हे. मी नकळत दोन ठिकाणी ‘तुझ्या’ घातला होता, ‘तुझ्या या अंधारात’ वगैरे, केवळ लय सांभाळायला. ते दोन शब्द काढल्यावर त्या कडव्यातला एकटेपणा वर आला.

याच कवीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विंचेस्टरला असताना ‘टू ऑटम’ लिहिली. कापणी झालेल्या शेतांतले खुंट आपल्याला वसंताच्या हिरव्यापेक्षा उबदार वाटतात, असं त्याने रेनल्ड्स या मित्राला पत्रात कळवलं होतं. त्या कवितेत ‘तू’ आहे, ऋतूला थेट विचारलेला प्रश्न आहे, पण ‘मी’ एकदाही नाही. फळं, मध, धान्याची रास, रस गाळणारा घाणा, शेवटी आकाशात जमणाऱ्या पाकोळ्या. चिंतन आहे, पण ते ऋतूच्या तोंडावर कुणी बोलून दाखवत नाही. वसंतातली गाणी कुठे गेली असं क्षणभर विचारून कवी लगेच तो विषय सोडायला सांगतो. बरेच रसिक ‘टू ऑटम’ला वरचढ मानतात आणि बांधणीच्या बाजूने ते खरंही असेल. पण स्तुती करता करता माणूस स्वतःच्या हाती कसा सापडतो, हे पाहायचं तर नाइटिंगेलकडेच यावं लागतं. तिथे शिवण दिसते.

सहाव्या कडव्यात ‘तू’ परत येतो आणि आता त्याच्याशी बोलणं मरणाविषयी आहे. तू असा जीव ओतून गात असताना, या मध्यरात्री, काहीही न दुखता संपून जाणं किती भाग्याचं, असं कवीला वाटतं. आणि पुढच्याच दोन ओळींत तो स्वतःलाच अडवतो. तू गातच राहशील, माझे कान मात्र निरुपयोगी होतील, तुझ्या त्या प्रार्थनेपुढे मी मातीचं ढेकूळ होऊन पडेन. इथे इच्छा मागे फिरते. मेलो तर गाणं ऐकू येणार नाही, इतकं साधं कारण. रोमँटिक कवीच्या मृत्यूच्या ओढीबद्दल आपण फार बोलतो, आणि हे रोखठोक ढेकूळ मात्र बाजूला राहतं.

सातव्या कडव्यात कवी पक्ष्याला अमर म्हणतो. तू मरणासाठी जन्मलाच नाहीस. यावर टीकाकारांनी बरीच हरकत घेतली आहे. रॉबर्ट ब्रिजेसचं म्हणणं असं की हा एकटा पक्षी तर मरणारच. आणि जात अमर म्हणायची तर माणसाची जातही तितकीच अमर आहे. बोर्हेसने या वादावर एक छोटा निबंध लिहिला आणि कीट्सची बाजू घेतली: आजचा पक्षी आणि प्राचीन काळचा पक्षी हे दोन नाहीतच, असं तो शोपेनहॉवरच्या आधाराने म्हणतो. निबंध मोठा गोड आहे. पण मला वाटतं, उत्तर तत्त्वज्ञानापेक्षा सर्वनामात आहे. पहिल्या दोन ओळींनंतर त्या कडव्यातून ‘तू’ निघून जातो. तिसऱ्या ओळीपासून कर्ता आहे ‘आवाज’, मग ‘तेच गाणं’. कवीने पक्ष्याला अमर म्हटलं, ते टिकणार नाही हे त्यालाही जाणवलं असावं, आणि तो लगेच ऐकणाऱ्यांकडे वळला. सम्राटाने ऐकलं, विदूषकाने ऐकलं, आणि कदाचित रूथनेही.

रूथ म्हणजे बायबलमधली परमुलखातली विधवा. सासूबरोबर बेथलेहेमला येते आणि कापणी झालेल्या शेतात सरवा वेचते. ‘सरवा’ हा शब्द मला इथे वापरता आला याचा आनंद अजून आहे, कारण शेतात सांडलेली कणसं वेचून पोट भरणारी बाई मराठीला परकी नाही. बायबलात रूथ त्या शेतात रडत नाही, तिथे कुठला पक्षीही गात नाही. दोन्ही गोष्टी कीट्सच्या. त्याने तिला घरच्या आठवणीने व्याकुळ केलं, परक्या धान्यात रडत उभं केलं, आणि गाणं तिच्या काळजात उतरवलं. अमरत्वाच्या या स्तुतीतही श्रोते पाहा कसे उतरत जातात. राजवाड्यापासून सुरुवात, आणि थोड्याच ओळींत आपण एका घर हरवलेल्या बाईपाशी.

मग कडव्याच्या अखेरीला भयाण समुद्रावर उघडणाऱ्या खिडक्या आणि पऱ्यांचे मुलूख. त्या मुलखांना लावलेलं विशेषण ‘फोर्लॉर्न’. तोच शब्द आठव्या कडव्याचा पहिला शब्द आहे, आणि कवी म्हणतो की तो घंटेसारखा वाजून मला तुझ्यापासून माझ्याकडे परत आणतो. आधी तो शब्द प्रदेशाचा होता: दूरचा, हरवलेला, निर्मनुष्य. दुसऱ्यांदा तो माणसाचा आहे: टाकलेला, एकटा. एकच शब्द, आणि दोन कडव्यांमधल्या कोऱ्या जागेत त्याचा मालक बदलतो. ‘ओसाड’ मुलखाला शोभतो, माणसाला लागत नाही. ‘एकाकी’ माणसाला लागतो, पण मुलखाला लावला की भाषण वाटतं. ‘उजाड’ दोन्हीकडे ओढूनताणून बसतो, पण ‘ड’वर आपटून थांबतो, घंटेसारखा रेंगाळत नाही. शेवटी ‘सुनं’वर आले. गाव सुनं होतं, मनही सुनं होतं, आणि ‘नं’ थोडा वेळ नाकात घुमत राहतो. मला याहून चांगला सापडला नाही. वाचकाला सापडला तर कळवावा.

यानंतर पक्षी निघतो, किंवा निदान त्याचं गाणं तरी निघतं. जवळची कुरणं, शांत ओढा, डोंगराची चढण, आणि पलीकडच्या खोऱ्यातली रानं. सगळ्या कवितेत गाण्याने केलेली हालचाल एवढीच, आणि तीही निघून जाण्याची. प्रत्येक कडव्याची आठवी ओळ कीट्सने आखूड ठेवली आहे, इतर ओळींत पाच आघात तर हिच्यात तीन. शेवटच्या कडव्यात गाणं त्या आखूड ओळीत जाऊन संपतं. माझ्या छापलेल्या भाषांतरात तिथे ‘विरून गेलं’ असं आहे. ते चुकलं आहे. मूळ क्रियापद पुरण्याचं आहे, कबरीत पुरावं तसं खोल पुरण्याचं. दोन कडव्यांपूर्वी कवी स्वतः मातीचं ढेकूळ होणार होता आणि गाणं वर वाजत राहणार होतं. आता तो जिवंत आहे आणि गाणं मातीत गेलं आहे. मरणाची जागा बदलली, आणि ते बदलणं त्या एका क्रियापदात आहे. ‘विरून गेलं’ कानाला गोड लागलं म्हणून मी ते स्वीकारलं, आणि कवितेतलं शेवटचं वळण पुसून टाकलं. छापून आल्यावर एका वाचकाने पोस्टकार्डावर एवढंच विचारलं होतं, “गाणं विरलं की पुरलं?” मी वर्षभर उत्तर दिलं नाही.

आता नव्या आवृत्तीसाठी तो भाग ‘खोल पुरलं गेलं’ असा केला आहे. उरते ती शेवटची ओळ, जिथे कवी विचारतो की आपण जागे आहोत की झोपेत. इथे मराठी मला पेचात पकडते. आठ कडवी मी पक्ष्याचं लिंग झाकून ठेवलं. मूळ कवितेत त्याला वनदेवी म्हटलं आहे, पण निसर्गात गातो तो नर, आणि इंग्रजीतला ‘तू’ काहीच सांगत नाही. म्हणून ‘तू गातोस’ आणि ‘तू गातेस’ दोन्ही टाळून मी ‘तुझं गाणं वाहतं’ असं लिहीत आले. पण शेवटच्या प्रश्नात ‘मी’ आहे, आणि मराठीत ‘मी’ला ‘जागा’ किंवा ‘जागी’ व्हावंच लागतं. ‘ही जाग आहे की झोप’ असं केलं तर पेच सुटतो, पण ‘मी’ जातो, आणि पक्षी निघून गेल्यावर तिथे उरलेला तेवढा एकच आहे. मी ‘जागा’ लिहिलं आहे.